खांदा-दुरुस्ती (शिवणकाम)

तयार साचा किंवा नेहमीच्या मापाने आखलेला आराखडा प्रत्यक्ष खांद्याच्या ठेवणीशी जुळत नसेल, तर गळा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची कड, यांचा तोल न बिघडवता खांद्याची रेषा बदलण्याची रीत. उतरता खांदा आणि रुंद खांदा हे तिचे दोन मुख्य प्रसंग. वर उचललेल्या चौकोनी खांद्याला उतरत्या खांद्याच्या उलट दिशेने तीच क्रिया लागते. उतार आणि रुंदी ही दोन वेगळी मापे आहेत. माणूस रुंद खांद्याचा असून त्याचा खांदा उतरताही असू शकतो. कोकणातील शिवणवर्गांत या दोन्ही दोषांना सरसकट ‘खांदा बसत नाही’ असे म्हटले जाते आणि बहुतेक चुकीच्या दुरुस्त्या तेथूनच सुरू होतात.

उगम. खांद्याच्या उताराचा प्रश्न शिवलेल्या प्रत्येक कपड्यात नसतो. जुन्या पद्धतीच्या पैरणीत किंवा कुडत्यात पाठीचे कापड खांद्यावरून सरळ दुमडून पुढे आणले जाई. खांद्याला तिरकी शिवण नसे, आणि उताराने सुटणारे कापड सैल अंगात व काखेतील चौकोनी तुकड्यात सामावून जाई. अंगाला लागून बसणारे, खांद्यावर तिरकी शिवण असणारे कपडे रूढ झाल्यावर दुरुस्तीची गरज निर्माण झाली. हे किनाऱ्यावर केव्हा घडले याचे निश्चित वर्ष देता येत नाही. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे उत्तर कोकणात युरोपीय बेतणी लवकर पोहोचली असावी असे मानण्यास जागा आहे. परंतु अशी बेतणी एखाद्या वस्तीत वापरात असणे निराळे आणि गावच्या शिंप्याने ती आत्मसात करणे निराळे. सर्वसाधारण प्रसार १९ व्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधी झाला नसावा, कारण शिलाई यंत्र, मुंबईशी वाढलेली ये-जा आणि पोलक्याची चाल या तीन गोष्टी त्या सुमारास एकत्र येतात. आकारवार कागदी साचे अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये विक्रीस आणले. त्यामुळे साचा एका व्यक्तीपासून सुटा झाला, आणि ‘सर्वसाधारण खांदा’ गृहीत धरणे भाग पडले. तो गृहीत खांदा आणि ग्राहकाचा खांदा यांतील अंतर भरणे हे या दुरुस्तीचे काम होय.

लक्षणे. उतरत्या खांद्यावर साध्या मापाचे पोलके चढवले की गळ्याच्या बाजूपासून काखेकडे तिरक्या चुण्या पडतात, आणि मुंढ्याचा तळ लोंबतो किंवा तेथे झोल साचतो. चौकोनी खांद्यावर चुण्या खांद्याच्या टोकांकडून गळ्याकडे येतात, आणि मागे गळ्याखाली आडवी घडी उठते. रुंद खांद्याची खूण याहून वेगळी असते. बाहीची शिवण हाडाच्या आत चढून बसते, पाठीवर मुंढ्यापासून मुंढ्यापर्यंत आडवा ताण दिसतो आणि हात पुढे घेताच बाही ओढली जाते. मानेलगतचे स्नायू भरीव असले तर खांदा उतरता नसूनही उतरता भासतो. अशा वेळी टोक खाली घेऊन काही साधत नाही, रेषा मानेच्या बाजूने थोडी वर घ्यावी लागते.

उतार किती घ्यावा. उताराचा कोन मोजण्यापेक्षा अंगावर टाचणीने पाहणे अधिक विश्वसनीय. कच्च्या टाक्याचे पोलके अंगावर चढवून खांद्याच्या टोकाशी कापड चिमटीत धरावे, गळ्याच्या टोकाशी चिमटी शून्यावर आणावी आणि टाचण्या लावाव्यात. चिमटीची खोली अर्धा इंच भरली, तर दुमडलेले कापड एकूण एक इंच असते: अर्धा इंच मागच्या भागातून, अर्धा इंच पुढच्या भागातून. साच्यावर दोन्ही भागांत अर्धा अर्धा इंचच घ्यावयाचा असतो. त्याच अर्ध्याची पुन्हा वाटणी करून पाव-पाव इंच घेणे ही वर्गांत वारंवार आढळणारी चूक आहे. तिने चुण्या कमी होतात पण जात नाहीत, आणि दोष बाहीच्या माथी मारला जातो.

उदाहरण. छाती ३६ इंच, अर्धा खांदा ७ इंच, गळ्याची अर्धी रुंदी पावणेतीन इंच आणि मुंढ्याचा पूर्ण घेर १६ इंच असे पोलके घेऊ. गळ्याच्या टोकापासून खांद्याच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर सव्वाचार इंच येते. साच्यात खांद्याचे टोक गळ्याच्या टोकाहून सव्वा इंच खाली आहे, चिमटीने अर्धा इंच कमी करावयाचा आहे, म्हणून नवे टोक पावणेदोन इंच खाली येईल. गळ्याचे टोक जागचे हलवायचे नाही. तेथून नव्या टोकाला सरळ रेषा जोडली की खांदा तयार झाला.

पूर्ण खांदा समांतर खाली घेतला तर गळ्याचे टोकही खाली येते, गळ्याचा घेर कमी होतो आणि पोलके मानेला दाबते. मग गळा मोठा कापला जातो, आणि एका चुकीवर दुसरी बसते.

खरा प्रश्न मुंढ्याचा आहे. मुंढ्याचा वरचा भाग जवळजवळ उभा असल्याने टोक अर्धा इंच खाली आले की मुंढा मागून अर्धा आणि पुढून अर्धा इंच लहान होतो. १६ चा घेर १५ होतो, बाही मात्र १६ चीच राहते. येथे बेतणी करणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. एका पक्षानुसार मुंढ्याचा तळही अर्धा इंच खाली घ्यावा, म्हणजे मुंढ्याचा संपूर्ण आकार तसाच खाली सरकतो, घेर १६ राहतो आणि बाहीला हात लावावा लागत नाही. काखेखालची बाजूची शिवण तेवढी अर्धा इंच आखूड होते. दुसऱ्या पक्षानुसार तळ आहे तेथेच ठेवावा आणि बाहीच्या माथ्याची उंची कमी करून बाहीचा घेर १५ च्या मुंढ्याला जुळवावा. पहिली रीत सोपी असल्याने छापील मार्गदर्शनांत तीच अधिक आढळते.

दोहोंपैकी एकच नेहमी बरोबर, असे मानण्यास आधार नाही. निवाडा टाचण्यांवर सोडावा. टाचण्या लावल्यावर पोलके बाजूने वर उचलले जाते. तेव्हा मुंढ्याचा तळ काखेत रुतत असेल, तर तो आधी योग्य जागी होता, म्हणून अर्धा इंच खाली घ्यावा. टाचण्या लावल्यावर तळ काखेखाली एक बोट सैल बसत असेल, तर तो आधीच खाली लोंबत होता आणि दुरुस्तीने जागी आला. त्याला पुन्हा खाली घेतल्यास हात वर करताना सारे पोलके वर ओढले जाईल. अशा वेळी दुसरी रीत, म्हणजे बाहीचा बदल, श्रेयस्कर ठरते. उघडे, खोल मुंढे चालणाऱ्या सैल कुर्तीत हा भेद फारसा जाणवत नाही, घट्ट पोलक्यात मात्र लगेच दिसतो.

शेवटी मागचा आणि पुढचा भाग खांद्याच्या रेषेवर एकमेकांना जोडून मांडावेत. उतार वाढल्याने दोन्ही टोकांचे कोन बदललेले असतात. गळ्याच्या कडेला एक बारीक टोक बाहेर येते आणि मुंढ्याच्या कडेला खाच पडते. गळ्याचे टोक घासून गोलावा सलग करावा, आणि मुंढ्याची खाच खांद्याच्या टोकाशी सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, माया वाढवून भरावी. हे न केल्यास गोट किंवा पायपिंग लावताना नेमके त्या ठिकाणी कापड उचलते, आणि दोष पट्टीचा वाटतो.

रुंद गळा. किनाऱ्यावरील लग्नसराईत मागणी असलेल्या रुंद गळ्यांत, जेथे शिवण मानेपासून दूर सुरू होते, एक अडचण वेगळी उद्भवते. वरच्याच उदाहरणात गळ्याची अर्धी रुंदी ४ इंच करावयाची आहे असे समजू. उताराची रेषा अजूनही मूळ पावणेतीन इंचांच्या बिंदूपासूनच काढली पाहिजे. ती ४ इंचांवर पोहोचेपर्यंत जुन्या रेषेपेक्षा एक सूताहून थोडी अधिक खाली आलेली असते, आणि गळा तेवढा खाली यावयासच हवा. आधी रुंद गळा कापून मग त्याच्या कडेपासून उतार दिला, तर शिवण त्या कडेशी खांद्यापासून वर उचललेली राहते आणि गळा खांद्यावरून घसरतो. म्हणून क्रम असा: आधी मूळ गळ्यावर खांद्याची दुरुस्ती, मग हवा तो गळा.

रुंद खांदा. येथे गळ्याला हात न लावता केवळ खांद्याची लांबी वाढवावयाची असते. खांद्याच्या मध्यापासून एक उभी चीर खाली घ्यावी आणि ती बाहेर वळवून मुंढ्याच्या मध्यापर्यंत न्यावी. मुंढ्याच्या कडेला कागदाचा एक धागा जोडलेला राहू द्यावा. तो जोड हीच बिजागरी. तिच्यावर बाहेरचा तुकडा फिरवून खांद्यावर पाव किंवा अर्धा इंच फट उघडावी आणि मागे कागद चिकटवावा. मुंढ्याची लांबी तीच राहते, छाती वाढत नाही, बाही जशीच्या तशी बसते. तुकडा फिरताना खांद्याचे टोक किंचित खालीही जाते, म्हणून रेषा मोडलेली दिसते. गळ्याच्या टोकापासून नवी सरळ रेषा आखून मूळ उतार मोजून घ्यावा, नाहीतर रुंदी दुरुस्त करताना नकळत उतार वाढतो. टोक थेट बाहेर ओढून मुंढा हाताने जोडण्याची सोपी रीतही आहे, परंतु ती पाव इंचापर्यंतच ठीक असते. त्यापुढे मुंढा वरच्या बाजूस आकड्यासारखा वळतो.

इतर. खांद्यात गादी घालून उतार लपवणे हा कोटात रूढ उपाय आहे. कोकणातील दमट हवेत पोलक्यात किंवा कुर्तीत तो फारसा कोणी पत्करत नाही. पावसाळ्यात खाकी कागद ओल धरून पसरतो, म्हणून नेहमी लागणारे साचे पुठ्ठ्यावर उतरवून ठेवलेले बरे.

दोन्ही खांदे सारखे नसतील तर कापड दुमडून एकदम कापता येत नाही असे वाटते, पण व्यवहारात कापता येते. साचा उंच खांद्याप्रमाणे आखून दोन्ही बाजू एकत्र कापाव्यात आणि नंतर फक्त उतरत्या बाजूचा जादा भाग कापून टाकावा. त्या बाजूच्या मुंढ्याचा निवाडा वेगळा करावा, आणि बाहीचा घेर बदलला असेल तर उजवी-डावी बाही खडूने आतून खूण करून ठेवावी.