पाऊण किलो पेट्रोलमधून सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो तो कुठून?

एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हा आकडा प्रदूषणाबद्दलच्या बातम्यांमध्ये नेहमी येतो. आणि तो वाचला की हमखास कुणीतरी म्हणतं की हे शक्यच नाही, एका लिटर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो, त्यातून सव्वादोन किलो गॅस कसा काय निघेल? माझ्या भाच्यानेही मला हेच विचारलं. मी म्हटलं शंका अगदी रास्त आहे, वस्तुमान हवेतून पैदा होत नाही. मग माझ्या लक्षात आलं की इथे ते खरंच हवेतून येतं! किती येतं ते बघायला लागतं एक बॅलन्स केलेलं समीकरण, तेवढंच. ते तोंडी, नुसतं बघून बॅलन्स करता येतं, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात साधा हायड्रोकार्बन म्हणजे मिथेन, एक कार्बन आणि चार हायड्रोजन. तो पूर्ण जळला की कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचं पाणी होतं.

CH₄ + O₂ → CO₂ + H₂O

हे अजून बॅलन्स नाहीये. डावीकडे हायड्रोजन चार, उजवीकडे दोनच. इथे बरीच मुलं पाण्याचं H₂O बदलून H₄O करायला जातात. पण H₄O असा पदार्थच नाही, आणि खालचा छोटा आकडा बदलला की पदार्थच बदलतो, H₂O च्या जागी H₂O₂ लिहिलं तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आपल्या हातात फक्त पुढचा आकडा असतो, म्हणजे रेणू किती घ्यायचे एवढंच. मग पाण्याचे दोन रेणू घेऊ. आता उजवीकडे ऑक्सिजनचे अणू मोजले तर कार्बन डायऑक्साइडमधले दोन आणि पाण्यातले दोन, एकूण चार, म्हणजे डावीकडे O₂ चे दोन रेणू.

CH₄ + 2O₂ → CO₂ + 2H₂O

झालं. कार्बनचा अणू १२, हायड्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचा १६ धरून वजनाने पडताळून बघा, १६ ग्रॅम मिथेन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन मिळून ८०, उजवीकडे ४४ आणि ३६ मिळून ८०.

आता यात मी एक गोष्ट गुपचूप केली, आधी कार्बन बघितला, मग हायड्रोजन, आणि ऑक्सिजनला शेवटपर्यंत हात लावला नाही. शाळेत हा क्रम नियम म्हणून सांगतात पण का ते फारसं कुणी सांगत नाही. कारण असं की उजवीकडे कार्बन फक्त CO₂ मध्ये आहे आणि हायड्रोजन फक्त पाण्यात, त्यामुळे इंधनाचा एक रेणू धरला की CO₂ किती आणि पाणी किती हे लगेच पक्कं होतं, दुसरा पर्यायच नसतो. ऑक्सिजन मात्र उजवीकडे दोन्हीकडे वाटला गेलाय, तो आधी धरला तर CO₂ ला किती आणि पाण्याला किती हे कळणार नाही. पण डावीकडे तोच ऑक्सिजन एकटा आहे, O₂, त्याच्याबरोबर दुसरं कुठलंही मूलद्रव्य नाही, म्हणून त्याचा पुढचा आकडा कितीही बदला, कार्बन आणि हायड्रोजनचा हिशोब ढळत नाही. जो एकटा आहे त्याला शेवटी ठेवायचं, बाकी सगळं बसलं की उरलेली तूट तो भरून काढतो.

उलट करून बघा म्हणजे पटेल. इथेन घ्या, C₂H₆, आणि ऑक्सिजनपासून सुरुवात करा. डावीकडे दोन, उजवीकडे तीन, म्हणून पाणी दोन केलं तर उजवीकडे चार झाले, मग डावीकडे दोन O₂, ऑक्सिजन जुळला. मग हायड्रोजन बघितला तर डावीकडे सहा आणि उजवीकडे चार, म्हणून पाणी तीन केलं, ऑक्सिजन पुन्हा बिघडला, मग कार्बन बघितला तर CO₂ दोन करावा लागला, ऑक्सिजन परत बिघडला. उत्तर शेवटी येईलच पण प्रत्येक पायरीला आधीचं काम वाया जातं. "मला बॅलन्सिंग जमत नाही" म्हणणाऱ्या मुलाची वही बघितली तर बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं.

आता तेच इथेन नीट क्रमाने. कार्बन दोन म्हणून 2CO₂, हायड्रोजन सहा म्हणून 3H₂O, उजवीकडे ऑक्सिजन चार अधिक तीन म्हणजे सात. आणि इथे गाडी अडते, कारण O₂ जोडीनेच येतो, सात अणूंना साडेतीन रेणू लागतात. उपाय सोपा आहे, सगळंच्या सगळं दुप्पट करायचं.

2C₂H₆ + 7O₂ → 4CO₂ + 6H₂O

"सगळंच्या सगळं" हे महत्त्वाचं, कारण घाईत फक्त ऑक्सिजन आणि इंधन दुप्पट होतं आणि पाणी तसंच राहतं. म्हणून शेवटी तिन्ही अणू दोन्ही बाजूंना परत एकदा मोजायचे, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. (साडेतीन ऑक्सिजन लिहिणं चुकीचंच असतं असं मात्र नाही. उष्णता मोजणारे लोक मुद्दाम ७/२ लिहितात, कारण त्यांना एक मोल, म्हणजे रेणूंचा एक ठरावीक मोठा गठ्ठा, एवढ्या इंधनाची उष्णता हवी असते, आणि मोलमध्ये साडेतीन म्हणायला काहीच हरकत नाही. अर्धा रेणू नसतो, अर्धा मोल असतो.)

मला जे सांगायचंय ते इथून पुढे. मिथेनला दुप्पट करावं लागलं नाही, इथेनला लागलं. प्रोपेन C₃H₈ ला लागत नाही, पाच O₂ मध्ये बरोबर बसतं. ब्युटेन C₄H₁₀ ला लागतं. एकाआड एक! आणि आणखी एक, कुठल्याही हायड्रोकार्बनला एकदाच दुप्पट करून भागतं, चौपट कधीच करावं लागत नाही. का?

कार्बनला चार हात असतात असं समजा, म्हणजे संयुजा चार. रेणूत कितीही कार्बन असले तरी एकूण हात चारच्या पाढ्यातले, म्हणजे सम. दोन कार्बन एकमेकांना धरतात तेव्हा दोघांचा एकेक हात अडकतो, म्हणजे एका बंधाला दोन हात खर्च, दुहेरी बंध असेल तर चार, कसंही धरा खर्च समच. सममधून सम वजा केलं की सम उरतं, आणि उरलेल्या प्रत्येक हाताला एक हायड्रोजन. म्हणून हायड्रोकार्बनमध्ये हायड्रोजन कायम समच असतात, C₂H₅ नावाची बाटली तुम्हाला कधी मिळणार नाही. हायड्रोजन सम म्हणजे पाण्याचे रेणू पूर्ण अंकात. CO₂ मधला ऑक्सिजन तर आपोआप सम. मग उजवीकडचा एकूण ऑक्सिजन सम की विषम हे एकट्या पाण्यावर ठरतं, पाण्याचे रेणू विषम निघाले की अर्धा उरणार, सम निघाले की नाही. पाव कधीच उरत नाही, म्हणून चौपट करायची वेळ येत नाही. मिथेन, इथेन, प्रोपेन या रांगेत पाण्याचे रेणू कार्बनपेक्षा एकने जास्त असतात, म्हणून कार्बन सम असले की पाणी विषम आणि दुप्पट करणं आलं. हे एकदा कळलं की पेन न उचलता सांगता येतं, ऑक्टेनला लागणार, नोनेनला नाही.

चला मग ऑक्टेन, C₈H₁₈. पेट्रोल हे बऱ्याच हायड्रोकार्बनचं मिश्रण असतं पण अंदाजासाठी ऑक्टेन चांगला प्रतिनिधी आहे. आठ CO₂, नऊ पाणी, ऑक्सिजन सोळा अधिक नऊ म्हणजे पंचवीस, विषम, दुप्पट करा.

2C₈H₁₈ + 25O₂ → 16CO₂ + 18H₂O

आता वजनं. दोन ऑक्टेन २२८, पंचवीस ऑक्सिजन ८००, एकूण १०२८. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड ७०४ आणि पाणी ३२४, एकूण १०२८. म्हणजे २२८ ग्रॅम इंधनातून ७०४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, जवळजवळ तिप्पट, आणि एका लिटरमध्ये पाऊण किलोच्या आसपास पेट्रोल धरलं की आला तो २.३ किलोचा आकडा. जास्तीचं वजन सगळं हवेतल्या ऑक्सिजनचं. इंजिन पेट्रोलच्या साडेतीनपट वजनाचा ऑक्सिजन ओढून घेतं, फक्त तो टाकीत भरावा लागत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही.

जाता जाता, पाण्यावर चालणाऱ्या गाडीचे व्हिडिओ दरवर्षी नव्याने फिरतात. या समीकरणांमध्ये पाणी कुठल्या बाजूला आहे ते बघा. ते आधीच जळून झालेल्या हायड्रोजनची राख आहे. त्यातून हायड्रोजन परत वेगळा करायला निदान तेवढीच ऊर्जा घालावी लागते जेवढी तो जाळून मिळेल, आणि प्रत्यक्षात जास्तच. असा व्हिडिओ पुढे पाठवू नका.

इंधनातच ऑक्सिजन असेल तर? इथेनॉल घ्या, C₂H₅OH. कार्बन दोन, हायड्रोजन एकूण सहा, अगदी इथेनसारखेच, म्हणून उजवीकडे तेच सात ऑक्सिजन. पण एक अणू इंधन स्वतःबरोबर घेऊन आलंय, तो वजा केला की सहा, म्हणजे तीन O₂, दुप्पट करायची गरजच नाही. हा एक वजा करायला विसरणं ही इथली नेहमीची चूक.

C₂H₅OH + 3O₂ → 2CO₂ + 3H₂O

आणि ही पद्धत कुठे थांबते तेही सांगतो. वर सगळीकडे आपण धरून चाललो की कार्बन पूर्ण जळतो. हवा कमी पडली तर काही कार्बनचा विषारी कार्बन मोनॉक्साइड होतो, CO. मिथेनमधून दोन्ही वायू निघतायत असं धरून बॅलन्स करा, मला हे मिळालं:

4CH₄ + 7O₂ → 2CO₂ + 2CO + 8H₂O

आणि हेही:

3CH₄ + 5O₂ → CO₂ + 2CO + 6H₂O

दोन्ही मोजून बघा, दोन्ही बरोबर आहेत, आणि एकाला कशानेही गुणलं तरी दुसरं येत नाही. कार्बन आता दोन ठिकाणी वाटला गेलाय, त्यामुळे मगाशी जो पक्का आधार होता तोच गेला, आणि अशी समीकरणं हवी तेवढी लिहिता येतात. यातलं कुठलं घडतंय हे हवा किती मिळतेय, ती इंधनात किती मिसळलीय आणि ज्योत किती गरम आहे यावर ठरतं, कागदावर ते कळत नाही. त्यासाठी बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये नळी घालून दोन्हींचं प्रमाण मोजावं लागतं. ते कळलं, समजा दोन्ही सारखेच निघाले, की पहिलं समीकरण खरं, आणि मग बाकीचे आकडे पुन्हा त्याच क्रमाने बसतात, आधी कार्बन, मग हायड्रोजन आणि शेवटी ऑक्सिजन.