कोरा विभाजक कागद (गठ्ठा स्कॅनिंग)

अनेक दस्तऐवज एकाच दमात स्कॅन करताना त्यांच्या मधोमध घातलेला कोरा कागद. स्कॅन झाल्यावर सॉफ्टवेअर ही कोरी पाने शोधते, तिथे गठ्ठा तोडते, कोरे पान टाकून देते आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल करते. कागद आपोआप ओढणारा फीडर असलेल्या कोणत्याही स्कॅनरवर हे जमते आणि खर्च फक्त काही कोऱ्या कागदांचा. ते कागद पुन्हा पुन्हा वापरताही येतात.

ऐकायला सोपी वाटणारी ही पद्धत फसते ती बहुधा एकाच कारणाने: माणूस कागद घालतो, पण सॉफ्टवेअरला कागद दिसतच नाही. त्याला दिसतात बाजू. दोन्ही बाजू स्कॅन करताना एका कागदाच्या दोन प्रतिमा होतात. दस्तऐवज एकाच बाजूने छापलेला असेल तर त्याच्या प्रत्येक पानाची पाठ कोरी निघते, आणि ‘कोरे पान दिसले की तोड’ एवढाच नियम असेल तर चार पानी अर्जाचे चार दस्तऐवज होतात.

समजा, गृहनिर्माण संस्थेच्या कपाटातले तीन दस्तऐवज स्कॅन करायचे आहेत: चार कागदांचा, एका कागदाचा आणि तीन कागदांचा. मध्ये दोन कोरे कागद घातले की फीडरमध्ये एकूण दहा कागद आणि स्कॅनमध्ये 20 प्रतिमा. पहिला दस्तऐवज 1 ते 8, विभाजक 9 आणि 10, दुसरा दस्तऐवज 11 आणि 12, विभाजक 13 आणि 14, तिसरा 15 ते 20. आता पहिला दस्तऐवज एकाच बाजूने छापलेला असेल तर 2, 4, 6 आणि 8 या प्रतिमाही कोऱ्या असतील. ‘सलग दोन कोऱ्या प्रतिमा’ हा नियमही इथे पुरा पडत नाही, कारण पहिली सलग जोडी 8 आणि 9 ची सापडते. सॉफ्टवेअर त्या दोन काढते आणि 10 क्रमांकाची कोरी बाजू दुसऱ्या दस्तऐवजाच्या तोंडाशी चिकटून राहते. म्हणून नियम असा हवा: विषम क्रमांकाची प्रतिमा कोरी आणि तिच्या लगेच पुढची सम क्रमांकाचीही कोरी, तरच तो विभाजक. म्हणजे एका कागदाच्या दोन्ही बाजू कोऱ्या आहेत का, हेच तपासायचे. विभाजकांच्या जागा कळल्या की तोडण्याचे काम किरकोळ आहे. `qpdf` या मोफत साधनाने ते असे होते:

```
qpdf batch.pdf --pages . 1-8 -- 01.pdf
qpdf batch.pdf --pages . 11-12 -- 02.pdf
qpdf batch.pdf --pages . 15-20 -- 03.pdf
```

हा विषम-समचा हिशेब टिकायचा तर एकही प्रतिमा गळता कामा नये. स्कॅनरच्या ड्रायव्हरमध्ये ‘कोरी पाने वगळा’ अशी सोय असते आणि ती अनेकदा आधीपासून चालू असते. ती चालू राहिली तर विभाजक सॉफ्टवेअरपर्यंत पोचायच्या आधीच नाहीसे होतात आणि सगळा गठ्ठा एकाच फाइलमध्ये येतो. असे झाले तर आधी ड्रायव्हर पाहावा. दोष बहुतेक वेळा तिथेच निघतो.

पान कोरे आहे हे ठरवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. स्कॅन केलेला कागद कधीच पूर्ण पांढरा नसतो. धूळ, रोलरचे डाग, घडीची सावली, कडेची काळी रेघ असे काहीतरी असतेच. म्हणून सॉफ्टवेअर पानावरच्या काळ्या ठिपक्यांचे प्रमाण मोजते आणि ते ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर पान कोरे धरते. 300 डीपीआयला ए4 कागदाची प्रतिमा 2480 × 3508 ठिपक्यांची, म्हणजे सुमारे 87 लाख ठिपक्यांची होते. पंचिंग मशीनच्या भोकाचा व्यास साधारण 6 मिमी असतो. स्कॅनरची मागची पट्टी काळी असेल तर दोन भोकांचे मिळून जवळपास 7,900 काळे ठिपके उमटतात, म्हणजे 0.09 टक्के. दुसरीकडे, पानावर फक्त एक सही आहे असे धरू. अर्धा मिमी जाडीची, उलगडली तर वीस सेंमी लांबीची रेघ. ती भरते सुमारे 14,000 ठिपके, म्हणजे 0.16 टक्के.

भोके पडलेला कोरा कागद आणि सही असलेले पान यांच्यात एवढाच फरक उरतो. मर्यादा 0.5 टक्के ठेवली तर करारनाम्याचे फक्त सही असलेले शेवटचे पान, पाठ कोरी असेल तर, विभाजक समजून फेकले जाते. उपाय म्हणजे मोजण्यापूर्वी कडा सोडून देणे. भोकाचा मध्य कडेपासून 12 मिमीवर असतो, त्यामुळे चारही बाजूंनी 16 मिमी सोडले की भोके हिशेबातून बाहेर जातात आणि मर्यादा बरीच खाली आणता येते. नेमकी किती, हे आपल्या स्कॅनरलाच विचारावे: आपले विभाजक कागद तेवढेच एकदा स्कॅन करावेत, त्यांच्यातला सर्वांत मोठा आकडा पाहावा आणि मर्यादा त्याच्या जरा वर ठेवावी. मळलेला विभाजक बदलणे हे मर्यादा वाढवण्यापेक्षा केव्हाही बरे.

मोजणीसाठी घोस्टस्क्रिप्ट या मोफत साधनाचा हा आदेश अनेक जण वापरतात:

```
gs -q -o - -sDEVICE=inkcov -r300 batch.pdf
```

तो प्रत्येक पानासाठी चार शाईंचे प्रमाण छापतो. मात्र तो ‘जराही शाई असलेला’ प्रत्येक ठिपका मोजतो. राखाडी किंवा रंगीत स्कॅनमध्ये कागदाचा पिवळटपणाही शाईत धरला जातो आणि कोरे पान भरलेले दिसते. म्हणून आधी शुद्ध काळे-पांढरे स्कॅन हवे. सरकारी कार्यालयांतले हिरवट टिपणीचे कागद काळे-पांढरे करताना ठिपक्याठिपक्यांचे होतात, पण ते दस्तऐवज असतात, विभाजक नव्हेत, त्यामुळे इथे त्याने काही बिघडत नाही. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: पाठीवर शाई फुटलेले पान ‘भरलेले’ ठरले तरी चालते, विभाजक मात्र नक्की कोरा ठरला पाहिजे.

एक चूक मोजणीने पकडताच येत नाही. विभाजक आधीच्या कागदाला चिकटून दोघे एकत्र ओढले गेले तर स्कॅनरला वरच्याची पुढची आणि खालच्याची मागची बाजू दिसते. पान एकबाजू छापलेले असेल तर निकाल अगदी नेहमीच्या कागदासारखा दिसतो, विषम-सम बिघडत नाही आणि दोन दस्तऐवज गुपचूप जोडले जातात. चांगल्या स्कॅनरमध्ये अल्ट्रासॉनिक सेन्सर असा दुहेरी कागद ओळखून थांबतो. तो नसेल तर दस्तऐवज आधी मोजून ठेवावेत आणि तयार फाइली तेवढ्याच आहेत ना हे पाहावे. एक कमी असेल तर सर्वांत जास्त पानांची फाइल आधी उघडावी. मूळ अखंड स्कॅन ही पडताळणी होईपर्यंत पुसू नये.

मूळ दस्तऐवजातच दोन्ही बाजूंनी कोरे कागद असतील, जसे वहीत किंवा जुन्या नोंदवहीत असतात, तर ही पद्धत सोडून द्यावी. तिथे पॅच-टी हा जाड काळ्या पट्ट्यांचा नमुना छापलेला कागद वापरतात. `NAPS2` हे स्कॅनिंगचे सॉफ्टवेअर त्यावरून गठ्ठा तोडू शकते, आणि `Paperless-ngx` या दस्तऐवज साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये `PATCHT` असा बारकोड असलेले पान विभाजक धरले जाते. दोन्ही बाजू स्कॅन करायच्या असतील तर हा नमुना कागदाच्या दोन्ही बाजूंना छापावा, नाहीतर विभाजकाची कोरी पाठ पुढच्या दस्तऐवजाचे पहिले पान होऊन बसते.