गॅस वाढवूनही मिंट फेल का होतं?

एनएफटीचं मिंट, म्हणजे नवे नग पहिल्यांदा काढून घेणं, सुरू झालं की पहिल्या काही मिनिटांत एकच सल्ला फिरतो: ‘फेल झालं? गॅस वाढव आणि पुन्हा मार.’ सल्ला अर्धाच खरा आहे. गॅसची जास्त फी दिली की व्यवहार ब्लॉकमध्ये लवकर शिरतो. शिरल्यावर तो पार पडेल की नाही, हे कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे मिंट चालवणारा ब्लॉकचेनवरचा प्रोग्रॅम, ठरवतं.

इथेरियमवर ऑगस्ट 2021 पासून बेस फी, म्हणजे ब्लॉकमध्ये शिरायला लागणारी किमान फी, नियमानेच ठरते. ब्लॉक पूर्ण भरला की पुढच्या ब्लॉकची बेस फी 12.5 टक्क्यांनी चढते, आणि ब्लॉक येतो साधारण दर 12 सेकंदांनी. बॉट ढीगभर वॉलेटांतून व्यवहार ओतत राहिले आणि सलग 20 ब्लॉक भरले, तर 20 ग्वेईची बेस फी चार मिनिटांत 210 च्या घरात जाते; ग्वेई म्हणजे ईथरचा अब्जावा भाग. चक्रवाढच ही!

समजा, तिसऱ्याच मिनिटाला शेवटचा नग संपला. चौथ्या मिनिटाला तुमचा व्यवहार आत जातो, कॉन्ट्रॅक्ट शिल्लक तपासतं आणि सगळं उलटवतं. मिंटचे पैसे परत येतात, पण तोवर झालेल्या गणनेची फी जातेच. गॅस हे त्या गणनेचं माप; 60,000 गॅस खर्च झाला असेल, तर 210 ग्वेईच्या दराने 0.0126 ईथर. पुन्हा मारलं की पुन्हा तेवढेच, किंवा जास्त.

बॉटचं मात्र असं नुकसान होतंच असं नाही. ते व्यवहार खासगी मार्गाने थेट ब्लॉक बांधणाऱ्यांकडे पाठवतात आणि अट घालतात: उलटणार असेल तर घेऊच नका. Flashbots Protect सारखी आरपीसी, म्हणजे वॉलेट ज्यातून व्यवहार पाठवतं तो दुवा, वॉलेटमध्ये जोडून ही सोय आपल्यालाही मिळते. त्याने शर्यत जिंकता येत नाही, फुकटची फी तेवढी वाचते.

थांबायचं कधी? Etherscan वर स्थिती पाहा. ‘Pending’ असेल तर फी कमी पडली असण्याची शक्यता आहे. तोच नॉन्स, म्हणजे व्यवहाराचा अनुक्रमांक, ठेवून ती किमान 10 टक्के वाढवण्यात अर्थ आहे. ‘Fail’ असेल तर आधी कारण वाचा. `totalSupply`, म्हणजे निघालेल्या नगांचा आकडा, कमाल संख्येला टेकला असेल, तर खेळ संपला. सही करण्याआधीच वॉलेट ‘फेल होण्याची शक्यता’ दाखवत असेल, तरी थांबा. ‘अमुक सेकंदाला दाबा, हमखास लागतं’ असे मुहूर्त सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

एअरड्रॉपचं, म्हणजे टोकनच्या मोफत वाटपाचं, गणित निराळं आहे. तुमचा वाटा तुमच्या पत्त्यावर आधीच नोंदलेला असेल, तर बॉट तो पळवू शकत नाही, गर्दी करून फी तेवढी महाग करतो. इथेरियमवर आधारलेल्या आर्बिट्रम नेटवर्कचं वाटप 23 मार्च 2023 ला सुरू झालं, पण मुदत सप्टेंबरपर्यंत होती. पहिल्या तासात धडपडायची गरजच नव्हती. आधी मुदत पाहायची आणि फी उतरली की क्लेम करायचा.

नाद सोडलात तरी अडकलेला व्यवहार तसाच ठेवू नका. फी उतरल्यावर तो काही तासांनी आत जाऊन फेल होऊ शकतो. त्याच नॉन्सने, वाढीव फी देऊन, स्वतःच्याच पत्त्यावर 0 ईथर पाठवलं की तो रद्द होतो.