कर्णबधिरांसाठी आलेल्या कॅप्शन्स कान तयार करायला कशा लागल्या

परकी भाषा शिकताना त्याच भाषेतले सबटायटल लावून पिक्चर बघायची आयडिया भाषा शिकवणाऱ्यांच्या डोक्यातून आलेली नाही, ती कर्णबधिर प्रेक्षकांसाठी केलेल्या सोयीतून आली. अमेरिकेत मार्च 1980 मध्ये क्लोज्ड कॅप्शन सुरू झालं, टीव्हीच्या सिग्नलमधे मजकूर लपवून पाठवायचे आणि तो दिसायला टीव्हीला वेगळा डिकोडर जोडावा लागायचा. इंग्रजी शिकणाऱ्यांनाही हे उपयोगी पडतंय हे लवकरच लक्षात आलं आणि 1983 मध्ये कॅरन प्राइसने त्यावर लिहिलं, 1988 मध्ये रॉबर्ट वँडरप्लँकने ब्रिटनमधल्या टेलिटेक्स्ट म्हणजे टीव्हीवर मजकूर दाखवणाऱ्या सेवेतल्या सबटायटलबद्दल. तरी "हे ऐकणं कुठे, हे तर वाचन" ही शंका राहिलीच, आणि ती अगदीच चुकीची होती असंही नाही.

माझ्या मते खरं उत्तर 2009 मध्ये मिळालं. मिटरर आणि मॅक्वीन या संशोधकांनी इंग्रजी चांगलं येणाऱ्या डच लोकांना 25 मिनिटं स्कॉटिश नाहीतर ऑस्ट्रेलियन बोलीतलं काहीतरी दाखवलं, काहींना इंग्रजी सबटायटल, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर नुसता आवाज ऐकवून ऐकलं ते परत म्हणायला सांगितलं, त्यात काही वाक्यं बघितलेल्या भागातली होती आणि काही त्याच माणसाची पण नवीन. इंग्रजी सबटायटलवाले दोन्हीत पुढे गेले. डचवाल्यांना आधी ऐकलेली वाक्यं जमली, पण नवीन वाक्यांत ते सबटायटल न लावणाऱ्यांच्याही मागे पडले! म्हणजे भाषांतराने अर्थ कळला पण कानाला उलट खीळच बसली.

असं का, तर याच मॅक्वीनने 2003 मध्ये नॉरिस आणि कटलरसोबत दाखवलं होतं की फ आणि स च्या मधला कुठलातरी आवाज ओळखीच्या शब्दात आला की तो शब्द माहीत असल्यामुळे कान ठरवतो की हा माणूस फ असाच म्हणतो, आणि पुढे त्याप्रमाणे ऐकतो. मूळ भाषेतलं सबटायटल हेच करतं, कुठला शब्द आहे ते सांगून टाकतं. 'डिज्यू' ऐकू आलं आणि खाली 'डिड यू' दिसलं की ड आणि य मिळून ज होतो हे कान पकडतो, मग उद्या 'वुज्यू' आलं तरी अडत नाही. आता खाली 'तू केलंस का' असं मराठी असेल तर आवाजाला जोडायला काहीच नाही, उलट डोक्यात मराठीचेच आवाज घुमत राहतात.

एक अडचण मात्र जुनीच आहे, वाचायला वेळ मिळावा म्हणून कॅप्शन बऱ्याचदा छाटलेलं असतं, ऐकू येतात नऊ शब्द आणि लिहिलेले असतात सहा, तिथे जोडणी फसते. आणि नुसतं वाचतोय का ऐकतोय हे बघायचं तर त्या डच लोकांसारखंच करायचं, 25 मिनिटं झाली की सबटायटल बंद करून त्याच पात्राचा न बघितलेला सीन लावायचा आणि वाक्य मोठ्याने परत म्हणून बघायचं, बघितलेला सीन नको, कारण तो डचवाल्यांनाही जमला होता.