कार्यालयीन वेळांची विभागणी

एकाच शहरातील कार्यालये किंवा एकाच कार्यालयातील कर्मचारी यांच्या कामाच्या वेळा मागेपुढे ठेवून प्रवासाची गर्दी पसरवण्याच्या पद्धतीस कार्यालयीन वेळांची विभागणी म्हणतात. म्युनिकजवळील ओट्टोब्रुन येथील एका विमाननिर्मिती कंपनीने 1967 मध्ये, सुरुवातीच्या वेळी रस्त्यांवर होणारी कोंडी टाळण्यासाठी, ये-जा करण्याच्या वेळा लवचीक केल्या. मात्र दिवसातील काही तास सर्वांनी हजर राहणे बंधनकारक ठेवले. ही सामायिक वेळ हाच या पद्धतीचा कणा आहे.

मुंबईत मध्य रेल्वेने शहरातील कार्यालयांना वेळा बदलण्याचे आवाहन केले आणि 2023 च्या नोव्हेंबरात आपल्या मुंबई विभागीय कार्यालयात साडेनऊ ते पावणेसहा आणि साडेअकरा ते पावणेआठ अशा दोन वेळा लागू केल्या. सव्वाआठ तासांच्या दिवसातून दोन तासांचे अंतर वजा केले, तर साडेअकरा ते पावणेसहा असे सव्वासहा तास दोन्ही गट एकत्र असतात. जेवणाची सुट्टी आणि दुसऱ्या गटाला स्थिरावण्यास लागणारा वेळ सोडला, तरी दुपारी बारा ते एक आणि दोन ते पाच हे तास बैठकांसाठी खात्रीने हाती राहतात.

दोन तासांचे अंतर जास्त वाटले, तरी ते आवश्यक आहे. कल्याणहून फास्ट लोकलने सीएसएमटी गाठण्यास तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. त्यामुळे साडेनऊला पोहोचणारा सव्वाआठच्या सुमारास गाडी पकडतो, तर साडेअकराला पोहोचणारा सव्वादहाच्या सुमारास. मुंबईतील सकाळची गर्दी दोन-तीन तास टिकत असल्याने अर्ध्या तासाने वेळ पुढे ढकलणारा माणूस एका भरलेल्या गाडीतून उतरून दुसऱ्या भरलेल्या गाडीत चढतो, एवढेच. संध्याकाळी दिलासा त्याहून कमी मिळतो, कारण पावणेसहाला सुटणारे परतीच्या गर्दीच्या तोंडीच सापडतात. शिवाय दुकाने, कारखाने, महाविद्यालये यांचे प्रवासी त्याच गाड्यांत असतात; एकट्या कार्यालयाच्या निर्णयाने डब्यातील फरक जाणवत नाही, आणि म्हणूनच एका स्थानकाच्या परिसरातील अनेक कार्यालयांनी मिळून वेळा ठरवणे महत्त्वाचे ठरते.

गट कोणी निवडायचा, हा प्रश्न नाजूक आहे. निवड पूर्णपणे कर्मचाऱ्यांवर सोडली, तर मुलांची शाळा, पाळणाघर आणि रात्रीचा परतीचा प्रवास यांमुळे बहुतेक जण लवकरची वेळ मागतात आणि गर्दी पसरण्याऐवजी त्याच वेळेत एकवटते. हे हजेरीयंत्रातील पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून सहज कळते. दुसरा बिघाड हळूहळू शिरतो: वरिष्ठ पहिल्या गटात असले की सकाळी दहाच्या बैठका सुरू होतात, दुसऱ्या गटाचे लोक त्यासाठी लवकर येऊ लागतात, पण सुटतात मात्र पावणेआठलाच. त्यामुळे सामायिक वेळेबाहेर बैठक न बोलावण्याचा नियम लेखी असावा लागतो आणि तो सर्वप्रथम वरिष्ठांना लागू करावा लागतो.