मोटर फिरतेय पण एक फेज गेलाय, हे ओळखायचं कसं

थ्री फेज मोटर चालू असताना तिचा एक फेज गेला तर ती थांबत नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. लोकांना वाटतं एक वायर तुटली म्हणजे मोटर बंद पडणार, पण ती फिरत राहते, लोड ओढत राहते आणि आतल्या आत वाइंडिंग जळत जातं. बंद मोटरचं मात्र उलटं, फेज आधीच गेलेला असेल आणि तुम्ही स्टार्टर दाबला तर ती जागची हलत नाही, नुसती जाड आवाजात गुणगुणते. दोन्हीला सिंगल फेजिंगच म्हणतात आणि दोन्हीचं कारणही एकच आहे.

तीन फेज असतात तेव्हा स्टेटरमध्ये गोल फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि रोटर त्याच्या मागे धावतो. एक फेज गेला की उरलेल्या दोन वायरींमधून एकच करंट जातो आणि परत येतो, म्हणून क्षेत्र फिरत नाही, एकाच रेषेत वाढतं, कमी होतं, उलटं होतं. सायकलचं पायडल अगदी वरच्या टोकाला असताना सरळ खाली दाबलं तर चाक हलत नाही पण सायकल आधीच वेगात असेल तर तो टप्पा आपोआप पार होतो, तसंच इथे होतं. थोडं नीट सांगायचं तर असं एका रेषेतलं क्षेत्र म्हणजे विरुद्ध दिशांना फिरणारी दोन सारखी क्षेत्रं. थांबलेल्या रोटरला दोन्ही सारखीच ओढतात, म्हणून तो हलत नाही. फिरणाऱ्या रोटरला त्याच्याच दिशेचं क्षेत्र जास्त जोर देतं, म्हणून तो फिरत राहतो. पण उलटं क्षेत्र तिथेच असतं, ते रोटरला जवळजवळ दुप्पट वेगाने कापत असतं, त्यामुळे ५० हर्ट्झच्या सप्लायवर रोटरच्या बारमध्ये १०० हर्ट्झच्या आसपासचा करंट वाहतो आणि रोटर तापतो. टॉर्क पण सेकंदाला १०० वेळा हिसके देतो आणि हाताला लागणारा थरथराट आणि तो जाड हमिंगचा आवाज यातूनच येतो.

उभ्या मोटरचा आवाज ओळखायला सोपा आहे कारण शाफ्ट फिरतच नाही. अशा वेळी मोटर नेहमीच्या स्टार्टिंग करंटच्या ८७ टक्क्यांच्या आसपास करंट खेचत बसते, म्हणजे स्टार्टिंगला फुल लोडच्या ६ पट घेणारी मोटर इथे ५ पटीच्या वर घेते, आणि पंखा बंद असल्यामुळे हवा पण मिळत नाही. ओव्हरलोड रिले काही सेकंदात ट्रिप होतो, व्हायलाच हवा. मोटर खरी जळते ती त्यानंतर, कारण कोणीतरी रिसेट दाबतो, परत स्टार्ट देतो, परत गुणगुण, परत ट्रिप, आणि दर वेळी वाइंडिंग आधीपेक्षा जास्त गरम असतं. गुणगुण ऐकू आली की लगेच बंद करा आणि फेज सापडेपर्यंत दुसरा स्टार्ट देऊ नका. शाफ्टला हाताने किंवा पट्ट्याने धक्का देऊन मोटर सुरू करायचा प्रकार तर अजिबात नको, ती ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला झटकन उचलते आणि हात अडकतो.

चालू मोटरचा प्रश्न जास्त अवघड आहे कारण लोड कमी असेल तर आवाज थोडासाच बदलतो, वेग किंचित उतरतो, आणि बॉडी तापल्याचं हाताला कळेपर्यंत आतलं वाइंडिंग कितीतरी पुढे गेलेलं असतं. इथे आकडे घेऊन बघू. समजा ७.५ किलोवॅटची, ४१५ व्होल्टची, डेल्टामध्ये जोडलेली मोटर आहे आणि नेमप्लेटवर १४.५ अँपिअर लिहिलंय. लोड साधारण साठ टक्के, तिन्ही वायरींत ९.५ अँपिअर. आता आर, वाय, बी या तीन फेजपैकी आर फेजचा फ्यूज उडाला. तेवढंच काम दोन वायरींना करायचंय म्हणून करंट साधारण १.७३ पट होतो, क्लॅम्प मीटरवर आर शून्य, वाय १६.४, बी १६.४. ओव्हरलोड १४.५ वर सेट आहे, म्हणजे रिलेला फक्त १३ टक्के जास्त दिसतंय. साधा थर्मल रिले सेटिंगच्या १.०५ पटीला ट्रिप होऊ नये आणि १.२ पटीला दोन तासांच्या आत व्हावा असा बनवलेला असतो, त्यामुळे १.१३ ला तो ट्रिप होईलच याची खात्री नाही.

पण वाइंडिंगमध्ये काय चाललंय ते रिलेला दिसतच नाही. डेल्टामध्ये वाय आणि बीच्या मधलं वाइंडिंग थेट दोन चालू वायरींवर येतं आणि बाकीची दोन एकमेकांच्या सिरीजमध्ये. लाइन करंटचा दोन तृतीयांश भाग त्या एकट्या वाइंडिंगमधून जातो, म्हणजे १०.९ अँपिअर, आणि फुल लोडला त्याच्यासाठी ठरवलेला करंट आहे १४.५ भागिले १.७३, म्हणजे ८.४. तीस टक्के जास्त करंट म्हणजे वर्गाच्या हिशोबाने सत्तर टक्के जास्त उष्णता, ती पण एकाच वाइंडिंगमध्ये, आणि वरून रोटरची उष्णता वेगळी. मग काही वेळाने वास येतो आणि लोक म्हणतात ओव्हरलोड तर पडलाच नाही, मोटर जळली कशी. म्हणून माझं ठाम मत आहे की फेज गेल्याचं ओळखणारा, म्हणजे तिन्ही पोलमधला फरक बघून लवकर ट्रिप होणारा रिले, नाहीतर वेगळा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावलाच पाहिजे, आणि शक्य असेल तर तो करंट बघणारा असावा. का ते पुढे कळेल. (जळालेली मोटर उघडल्यावर पण खूण दिसते, डेल्टामध्ये एका फेजच्या कॉइल काळ्या आणि दोन फेजच्या स्वच्छ, स्टारमध्ये दोन फेजच्या काळ्या आणि एका फेजच्या स्वच्छ. सगळ्याच सारख्या काळ्या असतील तर कारण बहुतेक दुसरं, साधा ओव्हरलोड किंवा हवा बंद झालेली.)

आता कोणता फेज गेला ते शोधायचं. इथे बहुतेक जण टेस्टर किंवा व्होल्टमीटर घेऊन मोटरच्या टर्मिनलवर जातात आणि फसतात. मोटर फिरत असेल तर ती स्वतःच मेलेल्या टर्मिनलवर व्होल्टेज तयार करते, जणू जनरेटरच. आर फेज वरून पूर्ण तुटलेला असताना सुद्धा आर-वाय आणि बी-आर मध्ये ३८०-४०० व्होल्टच्या घरात आकडा येऊ शकतो, आणि माणूस म्हणतो फेज तर आहेत तिन्ही. व्होल्टेज बघणारे स्वस्त प्रोटेक्टर पण याच कारणाने कधीकधी गप्प बसतात. मोटर अडकून गुणगुणत असेल तर आर टर्मिनल वाइंडिंगमधून वाय आणि बीच्या बरोबर मध्यावर जाऊन बसतं, न्यूट्रलपासून २४०, २४० आणि १२० असं वाचन येतं, आणि १२० व्होल्टवर पण निऑन टेस्टर पेटतो. टेस्टर तिन्हीवर पेटला याचा अर्थ तिन्ही फेज आहेत असा होत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा त्रास वाचेल.

करंट मात्र फसवत नाही. क्लॅम्प मीटर, ज्याला बरेच जण टाँग टेस्टर म्हणतात, तो एकेका वायरीवर लावा, जिथे शून्य तोच गेलेला फेज. चालू मोटरवर पाच सेकंदाचं काम, आणि इन्सुलेशन न काढता होतं. नाव कळलं की लगेच मोटर बंद करा आणि आता तुटलंय कुठे ते बघा.

बंद केल्यावर मोटरचं उलटं व्होल्टेज संपलेलं असतं, म्हणून आता व्होल्टमीटरवर विश्वास ठेवता येतो. कॉन्टॅक्टरच्या वरच्या बाजूला, म्हणजे सप्लाय येतो तिथे, तिन्ही जोड्या मोजा, प्रत्येक फेज दुसऱ्या फेजशी. वाय-बी ४१५ आणि आर-वाय, बी-आर दोन्ही खूप कमी आले तर दोन्हीत समान अक्षर कोणतं, आर, म्हणजे तोच वरून येत नाहीये. मग फ्यूज, आयसोलेटर, त्याच्याही वर. फक्त त्याच लाइनवर दुसरी मोटर चालू असेल तर ती पण व्होल्टेज मागे पाठवते, तिला आधी बंद करा, आणि तुटलेल्या वायरीवर डिजिटल मीटर उगाच तीसचाळीस व्होल्ट दाखवतो तो शेजारच्या वायरींचा प्रभाव, खरं बघायचं तर दोन सारखे दिवे सिरीजमध्ये जोडून केलेला टेस्ट लॅम्प दोन फेजमध्ये लावा.

वरती तिन्ही ४१५ असतील तर दोष खाली आहे. सप्लाय तोडा, खात्री करा, मोटरच्या तिन्ही वायरी काढून टोकं सुटी आणि सुरक्षित ठेवा, मग सप्लाय देऊन कॉन्टॅक्टर ओढवा आणि ओव्हरलोडच्या खाली मोजा. मोटर जोडलेली नसल्यामुळे मेलेला पोल इथे लगेच उघडा पडतो. पण काळा पडलेला कॉन्टॅक्ट रिकाम्या मीटरला पूर्ण ४१५ दाखवतो आणि लोड आला की सोडून देतो, म्हणून इथेही दिव्याने तपासा आणि सप्लाय तोडून कॉन्टॅक्ट उघडून डोळ्याने बघा. तिथेही सगळं ठीक निघालं तर केबल किंवा मोटरच्या टर्मिनल बॉक्समधला लग, सैल लग असेल तर तिथलं इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालेलं असतं.

एक छोटी खूण स्टार्टरमधूनच मिळते. समजा कॉन्टॅक्टरची कॉइल आर आणि वायवर आहे. वरून आर किंवा वाय गेला असेल तर बटण दाबून कॉन्टॅक्टर ओढतच नाही, आवाजच नाही. कॉन्टॅक्टर खाडकन ओढला आणि मोटर गुणगुणली तर वरून बी गेलाय किंवा कॉइलला सप्लाय जिथून घेतलाय त्याच्या खाली काहीतरी तुटलंय. मात्र मोटर फिरत असताना आर गेला तर मोटरच्याच उलट्या व्होल्टेजवर कॉइल धरून राहू शकते, त्यामुळे कॉन्टॅक्टर पडला नाही म्हणजे आर आहे असं समजू नका.

आणि कधी क्लॅम्प मीटरवर शून्य कुठेच नसतं. एका वायरीत बाकी दोघींच्या दुप्पट करंट, त्या दोघींत मात्र सारखा. हे दिसलं की स्टार्टर खोलत बसू नका, डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेज बाजूचा एक फेज गेलेला असण्याची दाट शक्यता आहे, त्याच लाइनवरचे दिवे बघा, एका फेजवरचे नीट आणि दोन फेजवरचे मंद दिसतील. ज्या रिलेत फक्त दोनच पोलवर हीटर असतात तिथे दुप्पट करंटची वायर नेमकी तिसरी निघाली तर रिलेला काहीच कळत नाही, म्हणून जुना पॅनल असेल तर ओव्हरलोडमध्ये हीटर दोन आहेत की तीन ते एकदा उघडून मोजून घ्या.