व्यवसाय दिन (शालेय उपक्रम)

प्राथमिक शाळेतला एक उपक्रम. यात मूल घरातल्या मोठ्या माणसाची मुलाखत घेते आणि ठरलेल्या दिवशी त्याच्या कामाच्या वेशात वर्गापुढे ते काम सांगते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत याला ‘करिअर डे’ म्हणतात. एरवीच्या वेशभूषा स्पर्धेहून हा वेगळा ठरतो तो मुलाखतीमुळेच, म्हणून मुलाखत आधी आणि कपडे नंतर हा क्रम मोडू नये. ड्रेस आधी भाड्याने आणला की वर्गात सात डॉक्टर आणि पाच पोलीस उभे राहतात, घरी मात्र कुणी गॅरेज चालवत असते, कुणी दवाखान्यात केसपेपर काढत असते.

तिसरी-चौथीच्या मुलांना पाच-सहा प्रश्न पुरतात. ‘तुम्ही काय काम करता?’ या प्रश्नाला हुद्दा मिळतो, काम कळत नाही. ‘काल कामावर गेल्यावर पहिल्यांदा काय केलंत?’ असे विचारले की माणूस बोलू लागतो. हातात सतत काय असते, काय चुकले तर पंचाईत होते, हे त्यापुढचे प्रश्न. पगार विचारायचा नाही, हे शिक्षकांनी आधीच सांगावे. उत्तरे मुलानेच, मोडकीतोडकी का होईना, वहीत लिहावीत.

समजा, वडील एसटीत कंडक्टर आहेत. पहिल्या प्रश्नावर ते डेपोतून तिकिटाचे मशीन घेतल्याचे सांगतात. हातात काय असते, तर मशीन आणि सुट्ट्या पैशांची बॅग. ड्युटी संपल्यावर हिशेब जुळला नाही तर पंचाईत. घंटीचेही कळते: एकदा वाजली की थांबायचे, दोनदा वाजली की निघायचे. आता वेश आपोआप ठरतो. खाकी शर्ट, खांद्यावरून तिरकी बॅग, पुठ्ठ्याचे मशीन आणि एक छोटी घंटा. खरा बिल्ला शाळेत पाठवू नये, हरवला तर वडिलांची अडचण होते. सुतार, स्वयंपाकी यांची धारदार हत्यारेही पुठ्ठ्याचीच करावीत.

सादरीकरणाला दोन मिनिटे, म्हणजे आठ-दहा वाक्ये. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर नुसत्या बोलण्यालाच ऐंशी मिनिटे जातात. त्यामुळे दोन दिवस करणे बरे, नाहीतर शेवटच्या मुलांकडे कुणाचे लक्षच राहत नाही.

भाषण पालकांनी लिहून दिले असेल तर ते लगेच ओळखू येते. मूल ‘प्रवाशांची सेवा हेच माझे ध्येय’ असे घडाघडा म्हणते, पण ‘घंटी दोनदा का वाजवतात?’ असे वर्गातून कुणी विचारले की गप्प होते. म्हणून प्रत्येकाला वर्गातून एक प्रश्न विचारू द्यावा.

सूचनापत्रात ‘आई-वडील’ऐवजी ‘घरातले किंवा शेजारचे कुणीही मोठे माणूस’ असे लिहावे. ज्याचे वडील नाहीत किंवा ज्याच्या वडिलांचे काम सुटले आहे, ते मूल मग आजी, मामा किंवा किराणा दुकानदार काकांकडे जाऊ शकते. घरकाम करणाऱ्या आईची मुलाखतही याच प्रश्नांनी घ्यावी. पहाटे नळाला पाणी किती वाजता येते, इथूनच तिची उत्तरे सुरू होतात.